स्टीलच्या प्लेटवर पाणी उकळतोय, फॉर्म्युला 27 पट जास्त हीट फ्लक्स देतोय. चुकतंय कुठे?

चौथी_सीट

मंडळी, मेकॅनिकलच्या शेवटच्या वर्षाला आहे, कॉलेज मुंबईतलंच. प्रोजेक्टसाठी लॅबमधला जुना पूल बॉइलिंगचा सेटअप मिळालाय. 100 मिमी व्यासाची, 8 मिमी जाड 304 स्टीलची प्लेट. तिच्याखाली तांब्याचा ठोकळा आणि त्यात कार्ट्रिज हीटर. वर काचेचं नळकांडं, त्यात डिस्टिल्ड वॉटर. डिमरस्टॅटने व्होल्टेज वाढवायचं, वॉटमीटर वाचायचा आणि प्लेटमधल्या थर्मोकपलचं तापमान लिहायचं, एवढंच काम.

1500 वॉटला वॉटेज भागिले क्षेत्रफळ केलं तर हीट फ्लक्स येतो 191 किलोवॅट प्रति चौमी. थर्मोकपल दाखवतो 134 अंश, म्हणजे पाण्याच्या उत्कलनबिंदूपेक्षा 34 ने जास्त. आता हे 34 रोहसेनोच्या सूत्रात घातले:

```
q = mu*hfg*sqrt(g*(rho_l-rho_v)/sigma)*(cp*dT/(Csf*hfg*Pr^n))^3

mu=279e-6  hfg=2.257e6  rho_l=958  rho_v=0.6
sigma=0.0589  cp=4217  Pr=1.76  n=1  Csf=0.0132
```

उत्तर येतं 5140 किलोवॅट प्रति चौमी. वॉटमीटरच्या 27 पट! सगळी युनिट्स तपासली, ज्यूल आणि किलोज्यूलचा घोळ नाही. सीएसएफ टेबलातूनच घेतलाय, पण तिथेही स्टीलला एकच आकडा नाही. मेकॅनिकली पॉलिश्डला 0.0132, केमिकली एच्ड 0.0133 आणि ग्राउंड अँड पॉलिश्ड म्हटलं की एकदम 0.0080. आमची प्लेट कोणत्या खान्यात बसते हे कोणालाच माहीत नाही. व्हायव्हा पुढच्या आठवड्यात आहे, वाचवा.

निरंजन_डों

n किती घेतलास? पाण्याला 1, बाकीच्या द्रवांना 1.7. आमच्या वेळी अर्धा वर्ग इथेच आपटायचा.

चौथी_सीट

1 च घेतलाय, वर लिहिलंय की. आणि 1.7 घेतला असता तर उत्तर साधारण सव्वातीन पट कमी आलं असतं. तरीही 27 पट भरून निघत नाही.

सुगरण_माहीम

मला वाटलं दूध उतू जाण्याबद्दल आहे, म्हणून उघडला धागा. असो. पण स्टीलच्या पातेल्यात पाणी ठेवलं की तळाशी ठरावीक जागांवरूनच बुडबुड्यांच्या माळा सुटतात आणि बाकीचा तळ स्वच्छ राहतो, ते का? माझ्या एका पातेल्यात तर वर्षानुवर्षं त्याच जागा आहेत.

प्राची_ठा

सुगरणताई, तुम्ही विषयाच्या गाभ्यालाच हात घातलात. त्या जागी धातूवर बारीक खाचा किंवा ओरखडे असतात आणि त्यांत हवा किंवा वाफ अडकून राहते. बुडबुडा शून्यातून तयार व्हायला फार जास्त तापमान लागतं, अडकलेल्या वाफेवर तो सहज फुगतो. अशा खाचा जितक्या जास्त, तितकी तीच प्लेट कमी तापमानाला जास्त उष्णता सोडते. सूत्रातला सीएसएफ म्हणजे या खाचा आणि पाणी त्या धातूला कसं भिजवतं, या दोन्हींचा मिळून बसवलेला एक आकडा. तो कुठल्या सिद्धांतातून निघत नाही, प्रयोगातूनच काढावा लागतो. म्हणूनच टेबलात एकाच स्टीलला तीन आकडे दिसतात आणि तांब्यालाही पॉलिश केलेलं आणि ओरखडलेलं यांत जवळजवळ दुपटीचा फरक आहे.

चौथी_सीट, तुझ्याकडे नंतर सविस्तर येते, लेक्चर आहे. तोपर्यंत एक बघून ठेव. 5140 ला तुझ्या प्लेटच्या क्षेत्रफळाने गुणलंस तर किती वॉट होतात?

चौथी_सीट

40 किलोवॅट. हीटर 1500 चा. 😐

विरार_फास्ट

40 किलोवॅट म्हणजे 230 व्होल्टला पावणेदोनशे अँपिअर. लॅबच काय, अख्ख्या मजल्याचा एमसीबी पडेल.

भट्टीकाका

तीस वर्षं इव्हॅपोरेटर आणि रिबॉयलरमध्ये घालवली आहेत, म्हणून सांगतो. पोरा, तू उगाच घाबरतोयस. हे सूत्र 1952 चं, एमआयटीतल्या प्रयोगांवरून बसवलेलं. त्यांची प्लेट वेगळी, तुझी वेगळी. प्राचीताईंनीच सांगितलं की सीएसएफ प्रयोगातून काढायचा असतो. मग काढ ना! 191 किलोवॅट आणि 34 अंश घालून उलटं गणित कर, जो येईल तो तुझ्या प्लेटचा सीएसएफ. रिपोर्टमध्ये तोच लिही. प्लांटवर आम्ही हेच करायचो, टेबलाच्या नादी कोण लागतो.

चौथी_सीट

काका, केलं. 0.0395 येतो.

भट्टीकाका

झालं तर मग.

प्राची_ठा

काका, रीत तुमचीच बरोबर आहे, पण या आकड्यावर सही करायला माझा हात धजणार नाही. पाण्यासाठी टेबलातले नेहमीचे आकडे साधारण 0.006 ते 0.013 च्या पट्ट्यात असतात. हा त्याच्या तिप्पट. एखादी प्लेट इतकी नाठाळ निघणं कठीणच. असा आकडा आला की समजावं, सीएसएफच्या पोटात दुसरंच काहीतरी जाऊन बसलंय.

दुसरी खूण ते 40 किलोवॅट. समुद्रसपाटीच्या दाबाला, सपाट प्लेटवर पाणी साधारण 1100 ते 1250 किलोवॅट प्रति चौमीपर्यंतच बुडबुड्यांनी उकळतं. त्यापुढे वाफेचा थर प्लेट झाकून टाकतो आणि तापमान उडी मारून वर जातं. रोहसेनोच्या सूत्राला ही मर्यादा माहीतच नाही. त्यात 34 घाला, 60 घाला, ते बिनदिक्कत उत्तर देतं. त्यामुळे उत्तर 1100 च्या वर गेलं की त्या तापमानावरच संशय घ्यायचा.

तर प्रश्न असा, की 134 अंश हे नक्की कशाचं तापमान आहे? थर्मोकपल कुठे बसवलाय?

पगडीवाला_पुणे

मध्येच एक. उत्कलनबिंदू 100 धरलाय तो मुंबईत ठीक. आमच्याकडे पाणी 98 लाच उकळतं. पुणेकर कशासाठीही उगाच 100 पर्यंत थांबत नाहीत.

निरंजन_डों

आली पगडी. 😀 पण मुद्दा खरा आहे. घनाचं सूत्र असल्यामुळे 10 च्या जागी 12 धरलेत की फ्लक्स 70 टक्क्यांनी वाढतो. पुण्यात बसून 100 धरलेत की गणित असंच बोंबलणार.

चौथी_सीट

प्राचीताई, थर्मोकपल प्लेटच्या कडेतून आडव्या छिद्रात घातलाय, टोक मध्यभागी आहे. ड्रॉइंगवर छिद्राचा मध्य वरच्या पृष्ठभागापासून 2 मिमी खाली दाखवलाय. लॅब मॅन्युअलमध्ये सरळ लिहिलंय की हेच पृष्ठभागाचं तापमान धरावं, आणि मागच्या सगळ्या बॅचेसनी तसंच धरलंय.

प्राची_ठा

सापडलं मग. तांब्याची प्लेट असती तर चाललं असतं, बहुतेक मॅन्युअल मूळ तांब्यासाठी लिहिलेलं असावं आणि नंतर कुणीतरी प्लेट बदलली असावी. स्टील उष्णतेच्या बाबतीत फार आळशी. 304 ची वाहकता साधारण 16 वॉट प्रति मीटर केल्विन धर. 191 किलोवॅट त्या 2 मिमीतून वर जायला किती अंशांचा उतार लागेल?

191000 × 0.002 ÷ 16, म्हणजे जवळपास 24 अंश.

तुझ्या 34 पैकी 24 स्टीलमध्येच खर्च होतात. पाण्याला लागून असलेला पृष्ठभाग फक्त 10 ने जास्त तापलेला आहे. आता सूत्रात 10 घाल, 0.0132 च ठेव. 130 किलोवॅटच्या आसपास येईल. 191 नाही, पण 5140 ही नाही. तांब्याच्या प्लेटमध्ये हाच उतार एका अंशाच्या आसपास राहिला असता, म्हणून तिथे कुणाला पत्ता लागत नाही.

भट्टीकाका

हे मान्य. आमच्या ट्यूबची भिंत दीड-दोन मिमीची असायची, तिचा रेझिस्टन्स आम्ही वेगळा धरायचोच. पोराने छिद्राचं आधी सांगितलं असतं तर मीही हेच बोललो असतो. पण मग 10 अंशांवर तरी माझीच रीत वापर, सीएसएफ काढ.

चौथी_सीट

10 धरून 0.0116 येतो. पट्ट्यात बसला! मग रिपोर्टमध्ये हाच टाकू ना?

प्राची_ठा

थांब जरा. छिद्र किती व्यासाचं आणि थर्मोकपलची नळी किती?

चौथी_सीट

छिद्र दीड मिमी, नळी 1 मिमी. थर्मल पेस्ट भरलीय.

प्राची_ठा

म्हणजे नळी छिद्रात पाव मिमी वर किंवा पाव मिमी खाली असू शकते. या फ्लक्सला स्टीलमध्ये पाव मिमी म्हणजे 3 अंश. तुझे 10 मग 7 असतील नाहीतर 13, आणि घन केल्यावर फ्लक्समध्ये सहापटीहून जास्त फरक पडतो. एका वाचनावरून काढलेल्या 0.0116 ला म्हणून काही अर्थ नाही. कमी वॉटेजची वाचनं आहेत का?

चौथी_सीट

आहेत. 500 वॉटला 114, 1000 ला 124, 1500 ला 134. डिस्प्ले पूर्ण अंशातच दाखवतो. प्रत्येक वेळी वाचन स्थिर होईपर्यंत थांबलो होतो.

निरंजन_डों

अरे, हे तर सरळ रेषेत चाललंय! दर 500 वॉटला 10 अंश. रोहसेनोप्रमाणे तापमान फ्लक्सच्या घनमुळाने वाढायला हवं. 1500 ला 34 जास्त असेल तर 500 ला साधारण साडेतेवीस यायला हवे होते, आलेत 14. ही वाचनं आधी दिली असतीस तर छिद्र न विचारताच कळलं असतं की मोजमापात स्टीलचाच वाटा मोठा आहे.

प्राची_ठा

बरोबर पकडलंस, आणि याच गोष्टीचा फायदा घ्यायचा. स्टीलमधला उतार फ्लक्सच्या सरळ प्रमाणात वाढतो, बुडबुड्यांचा वाटा घनमुळाने. दोन्ही वेगवेगळ्या चालीने वाढतात म्हणून वेगळे काढता येतात. 1500 वॉटला स्टीलचा वाटा a आणि उकळण्याचा b मान:

```
1500 W:  a   + b       = 34
500 W:   a/3 + 0.693*b = 14
```

सोडवलं की b येतो 7.4 आणि a येतो 26.6. आता 1000 वॉटला ताडून बघ. 26.6 चे दोन तृतीयांश 17.7, आणि 7.4 गुणिले 0.874 म्हणजे 6.5, बेरीज 24.2. तुझं वाचन 24. छान जुळलं.

a वरून खोली निघते 2.23 मिमी. म्हणजे नळी छिद्राच्या तळाला टेकलेली असावी, पाव मिमीच्या हिशोबात अगदी बसतं. आणि 7.4 वरून सीएसएफ निघतो 0.0086.

चौथी_सीट

म्हणजे ग्राउंड अँड पॉलिश्डच्या 0.0080 च्या जवळ! लॅब असिस्टंट म्हणाले होते की सेमिस्टरच्या सुरुवातीला प्लेट एमरी पेपरने घासली होती.

विरार_फास्ट

माझा पण एक प्रश्न घ्या, जाता जाता. आमच्या सोसायटीत टँकरचं पाणी. गिझरचं एलिमेंट सतत जळतं, काढून बघितलं तर पांढरा थर. हा थर म्हणजे पृष्ठभाग बदलला, म्हणजे सीएसएफ बदलला, असंच ना? खडबडीत थर तर बुडबुड्यांना चांगला असायला हवा. मग जळतं का?

प्राची_ठा

खडबडीतपणाचं म्हणणं पूर्ण चूक नाही, पण थर जाड झाला की तो मुद्दा गौण होतो. क्षाराच्या थराची वाहकता स्टीलच्याही खूप खाली, साधारण 1 धरू. समजा एलिमेंटवर 80 किलोवॅट प्रति चौमी आहे आणि थर अर्धा मिमी, तर त्या थरातच 40 अंश खर्च झाले. पाण्याकडची बाजू मजेत असते, आतला धातू तापत जातो. म्हणजे चौथी_सीटच्या स्टीलचीच गोष्ट, फक्त इथे ती दर महिन्याला जाड होते. शिवाय गिझरमधलं पाणी 100 पर्यंत जातही नाही, त्यामुळे हे सूत्र तिथे जसंच्या तसं लावूही नये. एलिमेंट काढून साफ करत राहा, दुसरा इलाज नाही.

विरार_फास्ट

धन्यवाद ताई. मुंबई शहरवाल्यांनो, तलावाचं पाणी पिताय, सुखी आहात.

भट्टीकाका

प्राचीताई, माझी एक शंका. 0.0086 वर तुमचा एवढा विश्वास कसा? डिस्प्ले पूर्ण अंशातला आहे. 114 हे 113.5 ही असेल आणि 114.5 ही.

प्राची_ठा

विश्वास नाहीच, काका. 500 च्या वाचनात अर्धा अंश खाली घेतला तर सीएसएफ 0.0070 होतो, वर घेतला तर 0.0102. त्यामुळे "0.007 ते 0.010" असंच लिहायला हवं. 0.0132 बहुधा नाही, एवढं ठामपणे म्हणता येईल.

आणि चौथी_सीट, वॉटमीटरचे सगळे वॉट पाण्यात जातात हेही तपास. 1500 वॉट पूर्ण पोचले तर मिनिटाला 40 ग्रॅम पाणी उडायला हवं. उकळी नीट आल्यावर दहा मिनिटांच्या आधी आणि नंतर सेटअपचं वजन घे, किंवा कंडेन्सर असेल तर खाली जमलेलं पाणी मोज.

चौथी_सीट

कंडेन्सर आहे. आज मोजलं. दहा मिनिटांत 350 ग्रॅम.

निरंजन_डों

म्हणजे 88 टक्के. 12 टक्के गळती धरली तर फ्लक्स 168. सीएसएफ 0.0090 पर्यंत सरकतो, फार काही बिघडत नाही. पण खोली 2.5 मिमी येते! छिद्राचा तळ पृष्ठभागापासून 2.75 वर आणि नळीचा मध्य फार तर 2.25 वर. नळी स्टीलच्या आत तर शिरणार नाही.

प्राची_ठा

12 टक्के ही गळतीची वरची मर्यादा आहे. काचेच्या नळकांड्यातून आणि वरच्या झाकणातूनही उष्णता जाते, पण ती प्लेटच्या पृष्ठभागातून आधी पाण्यात आलेलीच असते. ती फ्लक्समध्ये धरावी लागेल. प्लेटला बायपास करून खालून आणि बाजूने गेलेली गळती त्याहून कमी. नळकांड्याला ग्लासवूल गुंडाळून परत मोजलंस तर किती कमी ते कळेल. तरी खोलीचा हिशोब पूर्ण जुळत नाही हे कबूल. छिद्रामुळेही उष्णतेची वाट वाकडी होते, पेस्टचाही थोडा वाटा असेल.

सुगरण_माहीम

एवढं सगळं वाचलं. मग माझ्या पातेल्याचा सीएसएफ काय?

भट्टीकाका

ताई, आधी पातेल्याला छिद्र पाडावं लागेल.

सुगरण_माहीम

राहू दे मग. 😄

चौथी_सीट

मूळ प्रश्नाकडे येतो. एक्स्टर्नल विचारणार, "टेबलातला कोणता आकडा घेतला आणि का?" काय सांगू?

प्राची_ठा

आधी हे सांग, की सूत्र तापमानावरून फ्लक्स काढायला वापरलं तर ते फार चिडखोर आहे. 0.0132 च्या जागी 0.0080 घेतलास की फ्लक्स साडेचार पट. पण फ्लक्स माहीत असेल आणि तापमान काढायचं असेल, तर तेच दोन आकडे 191 किलोवॅटला 11.4 आणि 6.9 अंश देतात. फरक साडेचार अंशांचा. डिझाइनमध्ये बहुतेकदा फ्लक्स आधीच ठरलेला असतो, म्हणून इतकं ढोबळ सूत्रही इतकी वर्षं टिकून आहे. मग तुझी तीन वाचनं दाखव आणि पट्टा सांग. 27 पटीचं काय झालं तेही दाखव, एक्स्टर्नलला त्यातच रस वाटेल.

जमलं तर प्लेटमध्ये 5 मिमी खोलीवर दुसरं छिद्र पाडून घे. दोन थर्मोकपलमधल्या फरकावरून फ्लक्स थेट निघेल, वॉटमीटरची गरजच नाही.

चौथी_सीट

वर्कशॉपवाले म्हणतात, गणपतीनंतर बघू.

निरंजन_डों

एक शंका माझ्याकडूनही, प्राचीताई. तुमचं a आणि b चं गणित घनमुळावर उभं आहे. 500 वॉटला फ्लक्स 64 च आहे आणि पृष्ठभाग जेमतेम 5 अंशांनी जास्त. तिथे मोजकेच बुडबुडे सुटत असतील आणि बाकी उष्णता साध्या कन्व्हेक्शनने जात असेल. मग तिथे घनमूळ लागू होतं कशावरून? आणि नेमकं तेच वाचन सीएसएफ ठरवतंय.

प्राची_ठा

शंका रास्त आहे. 500 सोडून 900, 1200, 1500 घेता येईल, पण मग बिंदू इतके जवळ येतात की पूर्ण अंशाच्या डिस्प्लेवर काही वेगळं काढता येणार नाही. दशांश दाखवणारा इंडिकेटर मिळाला तरच.

चौथी_सीट

500 चा व्हिडिओ आहे माझ्याकडे. मध्ये दहा-बारा जागांवरूनच माळा सुटतायत, बाकी कडेच्या गॅस्केटपाशी.

निरंजन_डों

गॅस्केटपाशी? मग तो वेगळाच घोळ. कडेचे बुडबुडे प्लेटच्या खात्यात धरायचे की नाही?

भट्टीकाका

व्हिडिओ टाक इथे, बघू.